वर्षाच्या तासांतून आठवड्याचा रोटा: इंग्लंडमधल्या एका नर्सच्या कराराचा हिशेब

महाराष्ट्रातून इंग्लंडला जाऊन एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या नर्सेसमध्ये एक अडचण सारखी ऐकू येते. मुलं शाळेत जाणारी, नवराही नोकरीत आणि आजी-आजोबा सोलापूरला नाहीतर सांगलीला. शाळा चालू असते तोवर सगळं निभावतं. पण शाळेला वर्षातून तेरा आठवडे सुट्टी असते आणि नर्सला तेवढी रजा कधीच मिळत नाही. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, 'अॅन्युअलाइज्ड अवर्स घे.' म्हणजे आठवड्याला ठरावीक तास काम न करता वर्षाला ठरावीक तास काम करायचं. काही आठवडे जास्त भरायचे, काही कमी, काही अजिबात नाही. पगार मात्र बाराही महिने सारखा. एनएचएसमध्ये सप्टेंबर २०२१ पासून अशा लवचिक वेळेसाठी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो, त्यामुळे मागणी करणं सोपं झालं आहे.

अवघड जातं ते पुढचं. करारावर 'आठवड्याला सरासरी ३० तास, वार्षिक तत्त्वावर' असं एक वाक्य येतं, आणि त्या वाक्यातून प्रत्यक्ष रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, कसा काढायचा हे नर्सला नीट माहीत नसतं, कधीकधी वॉर्ड मॅनेजरलाही नसतं. इथे एक चुकीचा भागाकार झाला तर वर्षअखेरीला पंधरा-अठरा शिफ्टचा फरक पडतो. म्हणून एकच उदाहरण घेऊन हा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू.

समजा, बँड ५ या पगारश्रेणीतली एक स्टाफ नर्स आहे. नोकरीला पाच वर्षं झालेली नाहीत. पूर्णवेळ नर्सचा आठवडा ३७.५ तासांचा असतो, हिचा करार ३० तासांचा आहे. वॉर्डात लाँग डे चालतात: सकाळी सातला यायचं, संध्याकाळी साडेसातला सुटायचं. मध्ये एक तास बिनपगारी ब्रेक, म्हणजे एका शिफ्टचे पगारी तास साडेअकरा. हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

आधी वर्षाचे एकूण तास

वर्षात ५२ आठवडे असतात असं आपण म्हणतो, पण ५२ गुणिले ७ म्हणजे ३६४ दिवस. एक दिवस उरतोच. म्हणून ३६५ ला ७ ने भागून ५२.१४३ आठवडे धरतात. ३० गुणिले ५२.१४३ म्हणजे १५६४.२९ तास. ५२ धरले असते तर १५६० आले असते. फरक सव्वाचार तासांचा, फार मोठा नाही. पण नर्स एक आकडा धरून बसली असेल आणि रोटाचं सॉफ्टवेअर दुसरा, तर वर्षभर कुणाचाच ताळा जमत नाही. कोणता आकडा धरला आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

हे १५६४.२९ तास म्हणजे पगार ज्यांचा मिळतो ते तास. एवढे तास प्रत्यक्ष वॉर्डात उभं राहायचं नसतं, कारण यातच रजा आहे.

मग रजा वजा करायची, आणि एकदाच

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या राष्ट्रीय करारानुसार नोकरीच्या सुरुवातीला २७ दिवस रजा आणि त्यावर ८ बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, मिळतात. पाच वर्षांनंतर रजा २९ दिवस होते आणि दहा वर्षांनंतर ३३. आपल्या नर्सला २७ अधिक ८, म्हणजे ३५ दिवस. पूर्णवेळ कर्मचाऱ्याचा दिवस साडेसात तासांचा धरतात, म्हणून ३५ गुणिले ७.५ बरोबर २६२.५ तास. ती पूर्णवेळेच्या ८० टक्के काम करते, तेव्हा तिच्या वाट्याला २१० तास.

१५६४.२९ वजा २१० म्हणजे १३५४.२९. वर्षभरात प्रत्यक्ष काम करायचे तास हे. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालतो. स्प्रेडशीटमध्ये B2 या चौकोनात आठवड्याचे करारी तास लिहून हे सूत्र टाकलं की तोच आकडा मिळतो:

```
=B2*365/7 - 35*7.5*B2/37.5
```

बँक हॉलिडेबद्दल इथेच थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त वाद त्यावरून होतात. पूर्णवेळ नर्सला आठ बँक हॉलिडे म्हणजे ६० तास, आपल्या नर्सला ४८. ते २१० मध्ये आधीच धरले आहेत. त्यामुळे तिची शिफ्ट ख्रिसमसच्या दिवशी लागली आणि तिने ती केली, तर ते साडेअकरा तास साधे कामाचे तास म्हणून तिच्या तासांच्या खात्यात जमा होतात. त्या दिवसाचा वाढीव दर वेगळा मिळतो. पण 'मी बँक हॉलिडेला काम केलं, मला बदली सुट्टी द्या' असं म्हणता येत नाही, कारण ती सुट्टी तिला अगोदरच मिळालेली आहे. उलट, बँक हॉलिडेला तिची शिफ्ट नव्हती म्हणून मॅनेजर तिच्या खात्यातून आणखी साडेसात तास कापत असेल तर तीही चूकच, कारण तीच रजा दुसऱ्यांदा वजा होते.

अजून एक बारकावा. ईस्टर कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये, आणि रजेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ या वर्षात इंग्लंडमध्ये दोन ईस्टर येतात आणि बँक हॉलिडे दहा होतात. त्याच्या पुढच्या वर्षात एकही ईस्टर नाही, म्हणून सहाच. दरवर्षी सरसकट आठ धरायचे की त्या वर्षात पडतील तेवढे, हे मान्यतेच्या कागदावर आलेलं बरं. दोन दिवसांचा फरक म्हणजे आपल्या नर्सचे १२ तास, एका शिफ्टहून थोडे जास्तच. या उदाहरणात आठच धरले आहेत.

कशाला कशाने भागायचं

आता १३५४.२९ तासांचे आठवडे करायचे आहेत. इथे दोन चुका होतात आणि दोन्ही दिसायला बरोबर वाटतात.

पहिली चूक: १३५४.२९ ला ५२ ने भागणं. उत्तर येतं २६ तास. मॅनेजर सांगतो, 'आठवड्याला सरासरी २६ तास लाव.' नर्स तसा रोटा लावते आणि वर रजेचे सात आठवडेही घेते, कारण रजा तिच्या हक्काची आहे. पण त्या २६ मध्ये रजा आधीच पसरून टाकलेली होती. ४५ आठवडे २६ तासांनी साधारण ११७२ तासच भरतात. १८२ तास कमी पडतात, म्हणजे जवळजवळ सोळा शिफ्ट. हे लक्षात येतं फेब्रुवारीत आणि मग उरलेल्या आठवड्यांत त्या शिफ्ट भरून काढा, असा तगादा सुरू होतो.

दुसरी चूक नेमकी उलटी आणि नर्सच्या मुळावर येणारी. मॅनेजर एकूण १५६४.२९ तास घेतो आणि त्यांना ४५ ने भागतो. उत्तर येतं पावणेपस्तीस तास. ती सात आठवडे घरी राहते, उरलेल्या पंचेचाळीस आठवड्यांत ३४.७६ तास करते आणि वर्षअखेरीला पूर्ण १५६४ तास काम करून मोकळी होते. म्हणजे तिने रजा घेतलीच नाही! २१० तास, अठरा शिफ्ट, फुकट. ही चूक नर्सच्या सहसा लक्षात येत नाही, कारण सुट्टीचे आठवडे तर तिला मिळालेले असतात.

बरोबर जोडी अशी: एकूण तासांना वर्षाच्या सगळ्या आठवड्यांनी भागायचं, किंवा प्रत्यक्ष कामाच्या तासांना प्रत्यक्ष कामाच्या आठवड्यांनी. १५६४.२९ भागिले ५२.१४३ म्हणजे ३०. रजेचे २१० तास म्हणजे ३० तासांचे सात आठवडे. ते काढले की उरतात ४५.१४३ आठवडे, आणि १३५४.२९ भागिले ४५.१४३ म्हणजेही ३०. दोन्हीकडून करारातला तोच आकडा आला पाहिजे. तो आला नाही तर कुठेतरी एका बाजूला रजा धरली आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे नक्की समजावं. हा ताळा करायला दोन मिनिटं पुरतात, आणि रोटा पाहण्याआधी तो प्रत्येकीने स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं.

तासांच्या शिफ्ट

आठवड्याला तीस तास हा आकडा कागदापुरता. वॉर्डात तीस तास नावाचं काही नसतं. साडेअकरा तासांच्या शिफ्ट असतात. दोन शिफ्ट म्हणजे २३ तास, तीन म्हणजे ३४.५. म्हणून वर्षाचे तास शिफ्टमध्ये बदलून घ्यायचे: १३५४.२९ भागिले ११.५ म्हणजे ११७.७६. पूर्ण शिफ्ट ११७ आणि वर ८.७९ तास. त्यातले साडेसात तास अनिवार्य प्रशिक्षणाच्या दिवसाला गेले की उरतात १.२९ तास.

हे १.२९ म्हणजे एक तास एकोणतीस मिनिटं नव्हे. तो दशांश आहे, ०.२९ तास म्हणजे सतरा मिनिटं. एक तास सतरा मिनिटं उरली, ती एखाद्या बैठकीला लावता येतील किंवा पुढच्या वर्षात नेता येतील. पण रोटाच्या पत्रकात कुणी दशांश लिहितं, कुणी तास-मिनिटं लिहितं, आणि दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात होते. खात्यात विचित्र पाच-दहा मिनिटांचे फरक दिसू लागले तर आधी इथे पाहावं.

तर वर्षाला ११७ शिफ्ट. आता प्रश्न फक्त कोणत्या आठवड्यात किती, एवढाच.

इंग्लंडमधल्या शाळा साधारण ३९ आठवडे चालतात. ३९ आठवडे, दर आठवड्याला तीन शिफ्ट: ३९ गुणिले ३ बरोबर ११७! शाळा चालू असताना तीन लाँग डे, शाळा बंद असताना काहीच नाही. नर्सला याहून चांगलं काय हवं? हिशेब तंतोतंत जुळतो. पण वॉर्ड बहुतेक नाही म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. शाळेच्या सुट्टीत सगळ्याच आयांना सुट्टी हवी असते. उन्हाळी सुट्टीचे सहाही आठवडे एक नर्स पूर्ण बाहेर राहिली तर तिच्या शिफ्ट ज्यांना मुलं नाहीत त्यांच्या गळ्यात पडतात, आणि वॉर्डात कुरबूर सुरू होते.

मग तडजोड होते. समजा असं ठरलं: शाळेच्या तेरा सुट्टीच्या आठवड्यांपैकी सात पूर्ण मोकळे, आणि उरलेल्या सहांत दर आठवड्याला एक शिफ्ट, शक्यतो शनिवारी किंवा रविवारी, नवरा घरी असताना. उन्हाळ्याच्या सहापैकी चार मोकळे, म्हणजे भारतात जाऊन येता येतं. ख्रिसमसच्या दोनपैकी एक, ईस्टरच्या दोनपैकी एक आणि ऑक्टोबरच्या हाफ टर्मचा, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीचा, एक मोकळा. सहा आठवड्यांत एकेक शिफ्ट म्हणजे ६ शिफ्ट झाल्या. उरल्या १११, आणि त्या शाळेच्या ३९ आठवड्यांत बसवायच्या. सगळ्या आठवड्यांत तीन लावल्या तर ११७ होतात, सहा जास्त. म्हणून सहा आठवड्यांत एकेक कमी करायची: ३३ आठवडे तीन शिफ्टचे, ६ आठवडे दोनचे. नव्याण्णव अधिक बारा, एकशे अकरा.

ते दोन शिफ्टचे सहा आठवडे कुठे ठेवायचे, यात खरं कौशल्य आहे. हिवाळ्यात वॉर्ड भरलेला असतो, तेव्हा ते तिथे मिळणार नाहीत. आपल्या नर्सने ते जून-जुलैत आणि गणपतीच्या आसपास सप्टेंबरमध्ये घेतले, असं समजू. वर्षाचं चित्र असं झालं: ३३ आठवडे तीन शिफ्ट, ६ आठवडे दोन, ६ आठवडे एक, ७ आठवडे काही नाही. एकूण ५२ आठवडे, ११७ शिफ्ट, १३४५.५ तास, आणि प्रशिक्षणाचा एक दिवस. यालाच वार्षिक आराखडा म्हणायचं. तो वर्ष सुरू होण्याआधी कागदावर असला पाहिजे, तारखांसकट.

खातं उणे दिसतं तेव्हा

एप्रिलपासून सप्टेंबरअखेर पहिले २६ आठवडे घेऊ. त्यात ईस्टरची सुट्टी (एप्रिलमध्ये पडली असं धरू), मेचा हाफ टर्म आणि सगळा उन्हाळा येतो, म्हणजे तेरापैकी नऊ सुट्टीचे आठवडे पहिल्या सहामाहीतच. त्यांतले पाच मोकळे, चारांत एकेक शिफ्ट. उरलेले सतरा आठवडे शाळेचे: अकरांत तीन-तीन, सहांत दोन-दोन. मिळून ४९ शिफ्ट, ५६३.५ तास. दुसऱ्या सहामाहीत उरलेल्या ६८.

आता सप्टेंबरअखेर कुणी तिचं खातं उघडलं तर काय दिसेल? अर्ध्या वर्षाचे कामाचे तास व्हायला हवेत ६७७.१४. झाले ५६३.५. उणे ११३.६४ तास, म्हणजे दहा शिफ्ट. लाल रंगात. मॅनेजर बदललेला असेल तर तो हे पाहून नर्सला बोलावतो आणि म्हणतो, 'तुझ्यावर दहा शिफ्टचं कर्ज आहे, ऑक्टोबरच्या हाफ टर्मला ये.'

पण आराखडाच तसा होता. सप्टेंबरअखेर खातं ११३.६४ ने उणे असायलाच हवं होतं. तसं नसतं तर गडबड समजायची. वार्षिक तासांच्या खात्याची तुलना सरासरीशी करायची नसते, आराखड्याशी करायची असते. सरासरीशी तुलना केली की उन्हाळ्यानंतर प्रत्येक आई कर्जबाजारी दिसते आणि मार्चमध्ये प्रत्येक खातं आपोआप शून्यावर येतं.

एनएचएसमध्ये रोटा बहुधा चार-चार आठवड्यांचा निघतो. त्या प्रत्येक टप्प्याला तीन आकडे शेजारी लिहायचे: आराखड्याप्रमाणे आजवर किती तास व्हायला हवे होते, प्रत्यक्षात किती झाले, आणि या दोन्हींतला फरक. तिसरा आकडा एका शिफ्टच्या आत असेल तर सगळं ठीक आहे. सलग दोन टप्पे तो एकाच दिशेने वाढत गेला तर लगेच बोलायचं. वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखं आहे हे, दोघांकडे एकच नोंद असली की भांडण होत नाही. नर्सने स्वतःची प्रत ठेवावीच, कारण अनेक ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये 'आठवड्याला ३०' एवढंच भरलेलं असतं आणि ते प्रत्येक मोकळ्या आठवड्याला तीस तासांचं कर्ज लिहीत जातं. ते आठवडे रजा म्हणून नोंदवले आहेत का, हे पाहणं हाच त्यावरचा इलाज.

आजारपण आणि मोकळा आठवडा

जानेवारीत तिला फ्लू झाला आणि तीन शिफ्टचा पूर्ण आठवडा गेला. खात्यात किती तास धरायचे? सरासरीचे ३०, की लागलेले ३४.५? ३० धरले तर आजारी पडल्याबद्दल तिला साडेचार तास भरून द्यावे लागतात. कुणी म्हणेल, एका शिफ्टच्या आठवड्यात आजारी पडली तर तिला साडेअठरा तासांचा फायदा होईल, म्हणजे वर्षभरात फिटंफाट. पण तसं होत नाही. आजारपणं हिवाळ्यात येतात आणि तिचे भरलेले आठवडेही हिवाळ्यातच आहेत. म्हणून तोटा बहुतेक वेळा नर्सचाच. आराखड्यात त्या आठवड्याला जेवढे तास लागले होते तेवढेच धरणं मला योग्य वाटतं: तीन शिफ्ट होत्या तर ३४.५, एक होती तर ११.५, मोकळा आठवडा असेल तर शून्य. कुणालाच फायदा नाही, कुणालाच तोटा नाही. सगळी रुग्णालयं असं करत नाहीत, म्हणून हे वाक्य मान्यतेच्या कागदावर मागून घ्यावं.

मोकळ्या आठवड्याचं मात्र आणखी एक अंग आहे. मोकळा आठवडा दोन प्रकारचा असू शकतो: रजेचा, किंवा नुसता काम न लावलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण रजेवर असताना नर्स आजारी पडली आणि तिने नियमाप्रमाणे कळवून दाखला दिला, तर ती रजा परत मिळते. तीस तास खात्यात येतात, म्हणजे पुढे अडीच शिफ्ट कमी. काम न लावलेल्या आठवड्यात आजारी पडली तर काहीच परत मिळत नाही, कारण परत मिळायला ती रजा नव्हतीच. आपल्या उदाहरणात सात मोकळे आठवडे म्हणजे बरोबर २१० तास रजा, त्यामुळे सातही रजेचे. पण ३९ आठवड्यांचा तो पहिला आराखडा मंजूर झाला असता तर तेरा मोकळ्या आठवड्यांपैकी सात रजेचे आणि सहा काम न लावलेले झाले असते. कोणते सात, हे तारखांनिशी लिहिलेलं नसेल तर वाद झाल्यावर मॅनेजर म्हणणार की तुम्ही आजारी होता तो आठवडा रजेचा नव्हता.

याचाच दुसरा अर्थ असा की वर्षाच्या मध्ये 'मला मार्चमध्ये दोन दिवस रजा हवी' असं म्हणायला रजा शिल्लकच नसते. सगळी आराखड्यात वाटून झालेली असते. घरी लग्न निघालं तर शिफ्टची अदलाबदल करावी लागते. काही नर्सेस म्हणून मुद्दाम दोनेक शिफ्टएवढे तास आराखड्यात न लावता मोकळे ठेवतात आणि ते डिसेंबरनंतर ठरवतात. मुलं लहान असतील तर ही युक्ती फार उपयोगी पडते.

जास्तीच्या शिफ्टबद्दल थोडक्यात. भरलेल्या आठवड्यात चौथी शिफ्ट करायला मागितली तर त्याच वेळी ठरवून घ्यायचं: ती बँक शिफ्ट, म्हणजे कराराबाहेरची जादा शिफ्ट, म्हणून वेगळी पगारी होणार, की वार्षिक खात्यात जमा होणार. नंतर ठरवू म्हटलं की ती खात्यातही दिसत नाही आणि पगारातही येत नाही. आणि पगार सारखा म्हणजे मूळ पगार सारखा. रात्रीचे आणि शनिवार-रविवारचे वाढीव दर ज्या शिफ्ट केल्या त्यांवर मिळतात, त्यामुळे उन्हाळ्यानंतरच्या पगाराची चिठ्ठी थोडी हलकी दिसते. त्यात काही चुकलेलं नसतं.

वर्ष पुरं होण्याआधी नोकरी सोडली तर

सप्टेंबरअखेर या नर्सला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. सहा महिने तिला ८० टक्के पगार दरमहा मिळाला आहे. सहा महिन्यांत कमावलेली रजा १०५ तास, ती धरूनही काम व्हायला हवं होतं ६७७.१४ तास, झालं ५६३.५. म्हणजे ११३.६४ तासांचा पगार तिने काम न करता घेतलेला आहे. तो शेवटच्या पगारातून कापला जाऊ शकतो, आणि रक्कम जवळजवळ एका महिन्याच्या मूळ पगाराएवढी होते, कारण तिचा महिना सरासरी १३० पगारी तासांचा आहे. घर बदलायच्या, डिपॉझिट भरायच्या वेळी हा धक्का मोठा असतो.

हेच वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होत असतं तर चित्र उलटं दिसलं असतं. पहिल्या सहामाहीत ६८ शिफ्ट, ७८२ तास, म्हणजे सुमारे १०५ तास तिचे पुढे झालेले. तेव्हा सोडली असती तर रुग्णालयाने तिला द्यायचे होते. शिफ्ट त्याच, आठवडे तेच, फक्त वर्षाची सुरुवात बदलली.

म्हणून नोकरी बदलायचा विचार असेल तर आराखड्याप्रमाणे खातं कोणत्या महिन्यात शून्याच्या जवळ येतं ते आधी पाहावं. आपल्या नर्सचं ऑक्टोबरपासून हळूहळू भरत जातं. दुसऱ्या सहामाहीतल्या तीन शिफ्टच्या प्रत्येक आठवड्याला ती सरासरीच्या हिशेबापेक्षा सुमारे साडेआठ तास जास्त करते, कारण १३५४.२९ ला ५२ ने भागून येणाऱ्या २६ तासांच्या जागी ती ३४.५ करते. मोकळ्या आठवड्यांत खातं पुन्हा थोडं मागे सरतं. जानेवारीच्या शेवटी राजीनाम्याची तारीख ठेवली तर कापला जाणारा पगार सप्टेंबरच्या मानाने निम्म्याच्या आसपास येतो, मार्चअखेर ठेवली आणि प्रशिक्षणाचा दिवस झालेला असला तर सव्वा तास उरतो.